ब्रूडरचे बल्ब, थर्मोस्टॅट आणि गार्ड: २०० पिल्लांसाठी जोडणी नेमकी कशी करावी

थंडीत पिल्लं मेली की आपण आधी हॅचरीला किंवा रोगाला दोष देतो. शेडमध्ये जाऊन पाहिलं तर बऱ्याचदा वेगळंच दिसतं. चारही बल्ब एकाच थर्मोस्टॅटवर, सेन्सर वर छताजवळ लटकलेला, बल्ब वायरीवरच टांगलेले आणि गार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाच्या, जागी कोपऱ्यात उभ्या केलेल्या चार फळ्या. सामान सगळं असतं, पण क्रम आणि जागा चुकलेली असते. म्हणून या लेखात फक्त ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या मांडणीच्या, जोडणीबद्दल लिहितो आहे.

उदाहरणाला निफाड पट्ट्यातली एक छोटी शेड घेऊ. आकार १० बाय १२ फूट, पत्र्याचं छत, तीन बाजूंना जाळी आणि पडदे. पिल्लं २००, एक दिवसाची, महिना डिसेंबर. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे, त्यामुळे इथे चालेल ती मांडणी राज्यात इतरत्रही चालेल.

## काम सुरू करण्याआधी: हिशेब आणि सामान

थंडीत एका पिल्लामागे २ वॅट धरा. २०० पिल्लांना ४०० वॅट, म्हणजे १०० वॅटचे चार बल्ब. उन्हाळ्यात याच्या निम्मे पुरतात. बल्ब तारेचेच हवेत, म्हणजे जुने पिवळे पेटणारे. एलईडी उजेड देतो, उष्णता जवळजवळ देत नाही. काही दुकानांत न फुटणारे, वरून लेप दिलेले बल्ब मिळतात, ते ब्रूडरला अजिबात वापरू नका. टेफ्लॉनचा लेप तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी मरतात.

चार बल्ब मिळून करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास जातो. हा भार फार मोठा नाही. पण तो रात्रंदिवस, धुळीत आणि कोरड्या तुसाच्या वर चालतो, आणि धोका त्यातच आहे. म्हणून खालच्या वस्तूंवर पैसे वाचवू नका:

- चिनी मातीचे चार होल्डर. बेकलाइटचे किंवा प्लास्टिकचे नकोत.
- मेन बोर्डापासून शेडपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तीन कोअर तांब्याची केबल.
- जास्त भार किंवा शॉर्ट झाला की पडणारा ६ अँपिअरचा एमसीबी आणि करंट गळाला की पडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी.
- २३० व्होल्टचा डिजिटल थर्मोस्टॅट, सेन्सरसकट. बाजारात एसटीसी-१००० प्रकारचा सहज मिळतो, पुढची जोडणी त्याचीच आहे.
- झाकण असलेला प्लास्टिकचा बोर्ड, तीन स्विच, एक ९ वॅटचा एलईडी.
- साखळी, अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी, पत्र्याची छत्री (हॉवर) आणि गार्डसाठी पत्रा.

थर्मोस्टॅट घेताना त्याच्यावरचा स्टिकर वाचाच. दिसायला तसाच असलेला १२ आणि २४ व्होल्टचाही मिळतो. तो २३० व्होल्टवर लावला की तिथेच जळतो.

सावध: मेन बोर्डावरची जोडणी आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. गावात न्यूट्रल मिळत नाही म्हणून अर्थिंगच्या खिळ्यावर बल्ब पेटवतात. तसं केलं तर पत्र्याच्या छत्रीत करंट उतरू शकतो, आणि आरसीसीबी असेल तर तो बसणारच नाही, सारखा पडत राहील.

## टप्पा १: आधी गार्ड, मग छत्री

बहुतेक जण बल्ब टांगून मोकळे होतात आणि मग खाली गार्ड कुठे बसतं ते बघतात. उलट करा. आधी जमिनीवर गोल आखा, कारण बल्ब, सेन्सर आणि पाण्याची भांडी यांच्या जागा त्या गोलावरून ठरतात.

एका पिल्लाला छत्रीखाली सुमारे ७ चौरस इंच जागा लागते. २०० पिल्लांना १४०० चौरस इंच, म्हणजे साडेतीन फूट व्यासाची छत्री. छत्रीच्या कडेपासून गार्ड अडीच फुटांवर ठेवा. गोलाचा व्यास साडेआठ फूट होतो आणि घेर २७ फुटांच्या जवळ जातो. पत्रा ३५ फूट घ्या. सुरुवातीला जास्तीचा पत्रा एकावर एक सरकवून क्लिपने पकडायचा, म्हणजे पुढे गोल मोठा करायला वाव राहतो. उंची दीड फूट पुरे.

गोल हा गोलच हवा. पिल्लं घाबरली किंवा गारठली की भिंतीच्या दिशेने सरकतात. कोपरा मिळाला तर एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. पत्र्याच्या कापलेल्या कडा दुमडून घ्या, नाहीतर पिल्लांचे पाय कापतात आणि तुमचे हातही.

आत भाताचं तूस २ ते ३ इंच पसरा. छत्री तीन साखळ्यांवर छताच्या आडव्या पाइपला टांगा. तिची कड तुसापासून साधारण एक फूट वर असावी.

तपासणी: छत्री हाताने जोरात हलवून सोडा. ती साखळीवर झुलली पाहिजे, कुठेही सरकता कामा नये. आता एक साखळी काढा. उरलेल्या दोन साखळ्यांनी ती धरून ठेवली पाहिजे.

## टप्पा २: होल्डर आणि बल्बची जाळी

छत्रीच्या आत चार होल्डर चौकोनात बसवा. बल्बचं खालचं टोक तुसापासून दीड फूट वर यावं. होल्डर छत्रीच्या पत्र्याला नट-बोल्टने पक्का करा. वायर म्हणजे दोरी नव्हे: तिच्यावर कुठलंही वजन नको.

होल्डरमधून निघणारी पहिली फूटभर वायर सगळ्यात जास्त तापते. साध्या वायरचं प्लास्टिक ७० अंशांपर्यंतच टिकतं. बल्बच्या वरच्या बाजूला, झाकलेल्या छत्रीत, त्याहून जास्त तापमान सहज होतं. काही आठवड्यांत ते प्लास्टिक कडक होऊन तडकतं आणि तांबं उघडं पडतं. म्हणून तेवढ्या भागावर फायबर ग्लासची स्लीव्ह चढवा किंवा सिलिकॉनची वायर वापरा. छत्रीच्या भोकातून वायर बाहेर येते तिथे रबरी बूच बसवा. पत्र्याच्या धारेवर वायर घासू देऊ नका.

आता बल्बभोवतीची जाळी. अनेक जण हे काम टाळतात. मी मात्र याच कामासाठी सर्वात जास्त आग्रह धरतो. वेल्डमेशचा पिंजरा करून तो प्रत्येक बल्बभोवती बसवा, काचेपासून सगळीकडे किमान दोन इंच अंतर ठेवून. बल्ब सैल होऊन सुटला तर तो जाळीत अडकतो, तुसात पडत नाही. तापलेला बल्ब कोरड्या तुसात पडला तर आग लागायला वेळ लागत नाही. दुसरा फायदा असा की तिसऱ्या आठवड्यात उड्या मारू लागलेली पिल्लं काचेपर्यंत पोचत नाहीत.

सावध: बांबूची पाटी उलटी करून तिच्यात बल्ब लावायची पद्धत अजून चालू आहे. छत्री पत्र्याचीच करा. पाटी वाळून कोरडी झालेली असते आणि बल्ब तिच्यापासून चार बोटांवर असतो.

## टप्पा ३: बल्बच्या दोन जोड्या

पूर्ण जोडणीत सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे चारही बल्ब थर्मोस्टॅटवर टाकणं. तापमान पुरेसं झालं की चारही एकदम विझतात. अंधार होतो, पिल्लं घाबरून एकत्र गोळा होतात. काही मिनिटांनी चारही पेटतात. रात्रभर हेच चालतं. आणि सेन्सरची वायर तुटली तर हा थर्मोस्टॅट स्क्रीनवर EE दाखवतो आणि आतला स्विच, म्हणजे रिले, बंद करतो, म्हणजे पहाटे चारच्या थंडीत एकही बल्ब चालू नाही.

म्हणून बल्ब दोन जोड्यांत वाटा. चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन बल्ब एक जोडी, उरलेले दोन दुसरी. शेजारचे दोन एका जोडीत घेऊ नका, नाहीतर दुसरी जोडी विझली की छत्रीची एक बाजू गार पडते.

पहिली जोडी साध्या स्विचवर. ती रात्री सतत चालू ठेवायची, भर दुपारी गरज नसेल तर हाताने बंद करायची. दुसरी जोडी थर्मोस्टॅटवर, कमी-जास्त पडणारी उष्णता ती सांभाळेल. तिसऱ्या स्विचवर एलईडी, फक्त उजेडासाठी, म्हणजे दिवसा दोन्ही जोड्या बंद झाल्या तरी पिल्लांना खाद्य-पाणी दिसतं.

## टप्पा ४: बोर्ड आणि वायरिंग

मेन स्विच बंद करा, टेस्टरने पाहा, आणि मगच हात घाला. काम चालू असताना घरातलं कोणी चुकून मेन चालू करणार नाही याची सोय आधी करा.

बोर्ड गार्डच्या बाहेर, भिंतीवर पाच फुटांवर बसवा, पाण्याच्या टाकीपासून आणि पावसाचं पाणी उडतं त्या जाळीपासून लांब. झाकण बंद राहिलं पाहिजे. शेडमधली धूळ आणि अमोनिया उघड्या टर्मिनलला काही महिन्यांत गंज आणतात.

मेनमधून येणारी फेज आणि न्यूट्रल आधी आरसीसीबीतून जाऊ द्या. मग फेज एमसीबीतून जाऊन तिन्ही स्विचना मिळते. न्यूट्रल कुठल्याही स्विचमधून जात नाही. ती एका पट्टीवर आणा आणि तिथून सगळ्या बल्बना आणि थर्मोस्टॅटला द्या. आरसीसीबीनंतरची ही न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या कुठल्याही लाइनच्या न्यूट्रलला जोडू नका, आरसीसीबी कारण नसताना पडत राहील.

जोडीतले दोन बल्ब समांतर जोडा: त्याच फेजची आणि त्याच न्यूट्रलची वेगळी तार प्रत्येक बल्बला. एकापुढे एक जोडले तर दोन्ही मंद पेटतात आणि उष्णता फारच थोडी मिळते. शिवाय एक उडाला की दुसराही बंद होतो.

थर्मोस्टॅटच्या मागे आठ टर्मिनल असतात. जोडणी अशी:

1. दुसऱ्या स्विचमधून आलेली फेज टर्मिनल १ ला.
2. न्यूट्रल टर्मिनल २ ला. एवढ्याने थर्मोस्टॅट स्वतः चालू होतो.
3. सेन्सरच्या दोन तारा ३ आणि ४ ला. यांना उलटसुलट नसतं.
4. टर्मिनल १ वरून एक छोटी वायर ५ ला.
5. टर्मिनल ६ मधून निघालेली वायर दुसऱ्या जोडीच्या बल्बना.
6. ७ आणि ८ रिकामे. ते थंड करण्याच्या यंत्रासाठी असतात.

चौथी पायरी सुटते म्हणून फोनवर सगळ्यात जास्त विचारणा होते: स्क्रीन चालू आहे, लाल दिवा पेटलाय, पण बल्ब पेटत नाहीत. ५ आणि ६ मध्ये स्वतःचा करंट नसतो. तो फक्त आतला एक स्विच आहे. ५ ला फेज दिली तरच ६ मधून ती बाहेर येते. तुमच्या यंत्राच्या वरच्या आकृतीत आकडे वेगळे असतील तर ती आकृती खरी माना.

शेवटी अर्थिंग. हिरवी वायर छत्रीच्या पत्र्याला रंग खरवडून बोल्टने लावा. बल्बच्या जाळ्या छत्रीला धातूनेच जोडलेल्या असतील तर त्यांना वेगळी लागत नाही. गार्डचा पत्रा केबलच्या जवळ येत असेल तर त्यालाही द्या.

तपासणी, वीज न देता: बल्ब काढा, दुसरा आणि तिसरा स्विच बंद, पहिला चालू. मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रलमध्ये पाहा, काहीच जोड दिसता कामा नये. आता पहिल्या जोडीतला एक बल्ब लावा. गार बल्ब साधारण ४० ओहम दाखवतो. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, वीज देऊ नका. मग फेज आणि छत्रीच्या पत्र्यात पाहा, तिथेही जोड नको.

तपासणी, वीज दिल्यावर: आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो लगेच पडला पाहिजे. हे बटण अर्थिंग बरोबर आहे की नाही ते सांगत नाही, ते वायरमनकडूनच मोजून घ्या.

## टप्पा ५: सेन्सरची जागा

थर्मोस्टॅटला कळतं ते फक्त सेन्सरच्या टोकाजवळचं तापमान. पिल्लू ज्या उंचीवर आहे तिथलंच त्याला कळायला हवं. सेन्सर छत्रीच्या कडेखाली, तुसापासून दोन ते अडीच इंच वर ठेवा. बल्बच्या बरोबर खाली ठेवलात तर तो लवकर गरम होऊन जोडी विझवेल आणि कडेची पिल्लं कुडकुडत राहतील. छताजवळ ठेवलात तर वर गोळा झालेली गरम हवा मोजत बसेल.

पिल्लं वायरीला चोच मारतात, म्हणून भोकं पाडलेल्या छोट्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात सेन्सर घाला आणि तो तुकडा छत्रीच्या कडेला तारेने बांधा. वायर वर, साखळीच्या बाजूने न्या, पण बल्बच्या वायरीपासून वेगळी. सेन्सर सुटून गार्डबाहेर पडला तर तो बाहेरची थंडी मोजेल आणि दुसरी जोडी कधीच विझणार नाही. म्हणून रोज सकाळी आधी सेन्सर जागेवर आहे का ते बघा.

## टप्पा ६: आकडे भरणे

S बटण काही सेकंद दाबून धरलं की सेटिंग उघडतं. F1 म्हणजे किती तापमानाला बंद व्हायचं. F2 म्हणजे त्याच्या किती खाली गेल्यावर पुन्हा चालू व्हायचं. पहिल्या आठवड्याला F1 मध्ये ३५ आणि F2 मध्ये १ भरा. जोडी ३४ ला पेटेल, ३५ ला विझेल. F2 फार कमी ठेवला तर रिले सारखा टकटक करतो आणि लवकर मरतो. आकडे भरल्यावर पॉवरचं बटण दाबून ते साठवा, नुसतं सोडून दिलं तर जुनेच राहतात.

सेन्सरशेजारी साधा थर्मामीटर ठेवा. दोघांत फरक असेल तर तो F4 मध्ये भरून दुरुस्त करा.

दर आठवड्याला F1 तीन अंशांनी कमी करा: ३५, ३२, २९, २६.

तपासणी: तात्पुरता F1 ३० ला आणा. सेन्सर कोरड्या मुठीत धरा, दुसरी जोडी विझली पाहिजे. मग तो गार पाण्यात बुडवा, पेटली पाहिजे. हे झाल्यावर ३५ परत भरायला विसरू नका.

## टप्पा ७: रिकाम्या शेडमध्ये एक रात्र

पिल्लं येण्याच्या आधी पूर्ण २४ तास ब्रूडर चालवा. हवा तासाभरात गरम होते, पण तूस आणि खालची फरशी तापायला वेळ लागतो. गार तुसावर सोडलेली पिल्लं पायांतूनच गारठतात.

पहाटे चार ते सहा या वेळेत एकदा स्वतः जाऊन बघा. दुसरी जोडी अधूनमधून विझत असेल तर मांडणी बरोबर आहे. ती रात्रभर एकदाही विझली नाही आणि तापमान ३१-३२ वरच अडकलं, तर उष्णता कमी पडते आहे. अशा वेळी आधी बल्ब वाढवू नका, पडदे बघा. खालच्या बाजूने वारा येत असेल तर ६०० वॅटही पुरणार नाहीत. पडदा खालून बंद आणि वर फूटभर उघडा असावा. वरची जागाही बंद केली तर अमोनिया कोंडतो. पडदे नीट करूनही कमी पडलं तरच प्रत्येक जोडीत एकेक बल्ब वाढवा, आणि तेव्हाही होल्डर-जाळी तशीच.

याच रात्री वीज गेल्यावर काय करायचं तेही करून पाहा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त पहिली जोडी आणि एलईडी घ्या. १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी २०० वॅटचा भार पाचएक तास ओढते, चारही बल्ब दिले तर निम्म्या वेळात बसते. पहिल्या जोडीच्या लाइनवर एक छोटा दिवा समांतर जोडून तो घराच्या ओटीवर लावा. तो विझलेला दिसला की उठायचं. बंद शेडमध्ये कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या वायूने पिल्लं मरतात आणि राखणदारही.

## टप्पा ८: पिल्लं सोडल्यावर

आता थर्मोस्टॅटच्या आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा. सगळी बल्बखाली दाटून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे: छत्री दोन इंच खाली घ्या किंवा F1 एक अंश वाढवा. गार्डला चिकटून, पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून बसली असतील तर उष्णता जास्त आहे. सगळी एका बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे, तिथे थर्मोस्टॅटला हात लावून उपयोग नाही. गोलभर पसरून काही खात, काही झोपलेली दिसली तर काहीही बदलू नका.

तिसऱ्या दिवसापासून गार्डचा पत्रा रोज थोडा सरकवून गोल मोठा करा. आठव्या ते दहाव्या दिवशी, हवामान बघून, गार्ड काढून टाका. त्याआधी शेडचे कोपरे पत्रा वाकवून गोल करून घ्या. पिल्लं मोठी होत जातील तशी छत्री वर घ्या, पण वर घेताना होल्डरच्या वायरीला ताण बसत नाही ना ते बघा. वायरीला आधीच अर्धा फूट ढील ठेवलेली असेल तर हे सोपं जातं.

आठवड्यातून एकदा मेन बंद करून, बल्ब गार झाल्यावर, बल्ब आणि जाळीवरची धूळ कोरड्या कापडाने पुसा. ओलं कापड नको आणि तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंबही नको. बॅच संपली की बल्ब काढून ठेवा आणि होल्डरजवळची फूटभर वायर बोटांनी वाकवून पाहा. ती कडक लागली किंवा तिच्यावर बारीक तडे दिसले तर पुढची पिल्लं यायच्या आत बदला.